तीन दिव्यांचा सिग्नल: "जर्मनी" म्हणून दाखवलेल्या एका रस्त्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी उदगीरला फोटो स्टुडिओ चालवतो. लग्नाचे अल्बम, पासपोर्ट साइज, जुने फोटो दुरुस्त करणं, हे रोजचं काम. पण सहा-सात वर्षांपासून एक छंद लागलाय, जगातल्या कुठल्याही रस्त्याचा फोटो घ्यायचा आणि पाटी न वाचता तो कुठल्या देशातला आहे ते ओळखायचं. त्यात माझा सगळ्यात जास्त भरवसा सिग्नलवर असतो, म्हणजे सिग्नलचा डबा, पायी जाणाऱ्यांसाठी जो छोटा माणूस दाखवतात तो, आणि खांबावरचं बटण. कारण झाडं, इमारती, गाड्या सगळीकडं सारख्या दिसायला लागल्यात, पण सिग्नल त्या त्या देशाच्या नियमानं बसवतात आणि एकदा बसवला की वीस-पंचवीस वर्षं कुणी हात लावत नाही.

हे प्रकरण मागच्या वर्षीचं आहे. नाव-गाव बदललंय. पोराला इथं सागर म्हणू. आयटीआय इलेक्ट्रिशियन, वय २३, अहमदपूरकडचं गाव. त्याचा मामा माझा जुना दोस्त. एका रविवारी संध्याकाळी दोघं स्टुडिओत आले, मामा म्हणला, "भाऊ, जरा हे फोटो बघा बरं. पोरगं जर्मनीला जायलंय. दाजी सोयाबीन विकून पैसे भरायलेत, पण माझं मन काय धजंना."

अडचण काय होती

एका एजंटनं सागरला सांगितलं होतं की जर्मनीत ड्युसेलडॉर्फ शहरात इलेक्ट्रिशियनची नोकरी पक्की आहे, राहायला कंपनीचं हॉस्टेल आहे. एकूण खर्च साडेतीन लाख. पन्नास हजार आधीच दिलेले. दीड लाखाचा दुसरा हप्ता पुढच्या शुक्रवारी द्यायचा होता. विश्वास बसावा म्हणून त्यानं व्हॉट्सॲपवर तीन गोष्टी पाठवल्या होत्या, दोन फोटो आणि बावीस सेकंदांची एक क्लिप, आणि खाली लिहिलेलं की "हॉस्टेलच्या समोरचा रस्ता, आधी गेलेल्या पोरांनी काढलाय".

मामाचा प्रश्न एवढाच होता, हे खरंच जर्मनी आहे का.

मी तेव्हाच त्यांना एक गोष्ट सांगितली. फोटो जर्मनीचा निघाला म्हणून नोकरी खरी ठरत नाही आणि नाही निघाला म्हणून खोटी ठरत नाही, इंटरनेटवरचा कुठलाही फोटो कुणीही चिकटवू शकतो. पण एजंट म्हणतोय की तिन्ही गोष्टी एकाच रस्त्याच्या आहेत. हे मात्र तपासता येतं.

हातात काय होतं

पहिला फोटो सेल्फी. एक पोरगा काळ्या जॅकेटमध्ये, मागं रस्ता, त्याच्या खांद्याजवळ खांबावर एक पिवळा डबा. दुसरा फोटो दिवसाचा, झेब्रा क्रॉसिंगच्या पलीकडं पायी जाणाऱ्यांचा सिग्नल, त्यात लाल माणूस, डोक्याला टोपी. तिसरी ती क्लिप, रात्रीची, पावसाची, ओल्या रस्त्यावर दिवे पसरलेले, समोर पायी जाणाऱ्यांचा सिग्नल आणि डाव्या बाजूला गाड्यांचा सिग्नल. पाट्या कुठंच वाचता येत नव्हत्या, नंबरप्लेट फॉरवर्ड होऊन होऊन धूसर झालेल्या.

पर्याय

आमच्यासमोर तीन रस्ते होते. एक, एजंटला सरळ विचारायचं की हे फोटो कुठले. पण मग तो सावध होणार, नवीन फोटो पाठवणार, आणि आमच्या हातात काहीच राहणार नाही. दुसरा, इंटरनेटवर फोटो टाकून तसाच फोटो शोधायचा. हे मी लगेच करून बघितलं, सेल्फी आणि क्लिपच्या फ्रेमचं काही सापडलं नाही आणि टोपीवाल्या माणसाचे इतके फोटो आले की त्यातून काय निष्पन्न व्हावं. तिसरा, फोटोत जे दिसतंय तेच नीट वाचायचं आणि एजंटला काहीही न कळू देता त्याच्याकडून आणखी एक वाक्य काढून घ्यायचं.

तिसरा निवडला. सागरला म्हणलं, एवढंच विचार की "साहेब, हे सगळे फोटो एकाच गावचे ना? घरचे विचारायलेत." दुसरं काही नाही. अर्ध्या तासात उत्तर आलं, "हो सगळे ड्युसेलडॉर्फ, आपल्या हॉस्टेलचा एरिया." आता तो शहराच्या नावासकट बांधला गेला होता. पुढचं सगळं या एका ओळीवर उभं राहिलं.

सेल्फी: पिवळा डबा आणि उलटा रस्ता

सेल्फी बघून सागरचा चुलतभाऊ आधीच म्हणला होता की हे लंडन आहे, कारण गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूनं चालल्यात. मला स्टुडिओत रोज ही गोष्ट दिसते म्हणून लगेच खटकलं. बरेच मोबाईल पुढच्या कॅमेऱ्याचा फोटो आरशासारखा उलटा सेव्ह करतात. पोराच्या जॅकेटवर इंग्रजी अक्षरं होती, मोठी करून बघितली तर उलटी. फोटो आडवा पलटवला, अक्षरं सरळ झाली आणि गाड्या उजव्या बाजूला आल्या. म्हणजे लंडन बाद. इंग्लंडमध्ये असता तर गाड्यांच्या सिग्नलच्या मागं पांढऱ्या काठाची काळी पाटीही बहुतेक दिसली असती, पण तिकडं जायची गरजच पडली नाही.

आता पिवळा डबा. जर्मनीत रस्ता ओलांडायचं बटण बहुतेक पिवळ्या डब्यात असतं, हे खरं. सागरनं कुठंतरी तसं वाचलं होतं आणि तेवढ्यावर घरात सगळ्यांना "जर्मनीच आहे" म्हणून सांगितलं होतं. पण पिवळा रंग काही एकट्या जर्मनीचा नाही. ऑस्ट्रियात पिवळे डबे दिसतात, इटलीत दिसतात, जपानमध्ये तर बटणाचा डबा पिवळाच असतो. सगळ्यांचा हेतू एक, कमी दिसणाऱ्या माणसालाही डबा चटकन सापडावा. त्यामुळं रंगावरून फार तर यादी लहान होते, देश ठरत नाही.

डब्यावर काय काढलंय ते बघावं लागतं. फोटो मोठा केला, जरा कॉन्ट्रास्ट वाढवला, तर डब्यावर त्रिकोणात मांडलेले तीन काळे ठिपके दिसले. पिवळ्यावर तीन काळे ठिपके हे जर्मन भाषेच्या देशांत अंध माणसाचं चिन्ह आहे, तिकडं अंध लोक दंडावर जी पट्टी बांधतात तिच्यावर हेच असतं. उलटा फोटो सुलटा केला तरी ठिपक्यांचा त्रिकोण तसाच राहतो, म्हणून तिथं पलटल्यानं फसायची भीती नव्हती. तर सेल्फी जर्मनी किंवा तिच्या शेजारचा जर्मन बोलणारा देश, इतकं धरलं. शहर काही नाही.

टोपीवाला माणूस

दुसऱ्या फोटोवर मामाच म्हणला, "हे जपान वाटतंय, त्यांच्या सिग्नलमधला माणूस टोपी घालतो म्हणं." चूक नव्हतं. जपानच्या सिग्नलमधल्या माणसाला खरंच टोपी असते. पण अशा माणसाच्या डोक्यावरून ओळखायचं नसतं, हात बघायचे. जपानचा लाल माणूस सरळ उभा असतो, हात अंगालगत, शाळेत प्रार्थनेला उभं राहावं तसा. या फोटोतला माणूस बुटका, जाडसर, मोठ्या काठाची टोपी आणि दोन्ही हात आडवे पसरलेले, जसं कुणी वाट अडवून उभं आहे.

हा पूर्व जर्मनीचा माणूस. १९६१ साली पूर्व बर्लिनमध्ये कार्ल पेग्लाऊ नावाच्या वाहतूक मानसशास्त्रज्ञानं तो तयार केला. त्याचा विचार असा होता की नुसता लाल-हिरवा रंग लहान पोरांना, म्हाताऱ्यांना, रंग न ओळखणाऱ्यांना पुरेसा नाही, आकारानंच कळलं पाहिजे की थांबायचंय का जायचंय. म्हणून लाल माणसाचे पसरलेले हात अडसरासारखे दिसतात आणि हिरवा लांब ढांग टाकत चाललेला असतो. शिवाय अंग जाड असल्यामुळं जास्त उजेड बाहेर पडतो, लांबून दिसतो. दोन्ही जर्मनी एक झाल्यावर हा माणूस काढून पश्चिमेकडचा साधा माणूस लावायला सुरुवात झाली, पण लोकांनी विरोध केला आणि तो राहिला. आता अख्ख्या बर्लिनमध्ये, पूर्वेच्या राज्यांत, आणि पश्चिमेच्याही काही गावांत दिसतो.

म्हणजे हा फोटो जवळजवळ नक्की जर्मनीचा. सागरचा चेहरा एकदम खुलला. मामा मात्र माझ्याकडंच बघत होता.

या ठिकाणी मी थांबलो असतो तर पैसे गेले असते. फोटो जर्मनीचा आहे हे खरं, पण एजंट "जर्मनी" म्हणून थांबला नव्हता, त्यानं ड्युसेलडॉर्फ म्हणलं होतं. आणि ड्युसेलडॉर्फची एक खासियत आहे जी बाकीच्या जर्मनीत नाही. तिथं पायी जाणाऱ्यांच्या सिग्नलला तीन खण असतात. वर लाल माणूस, खाली हिरवा माणूस आणि मधे पिवळी आडवी पट्टी, जी हिरवा गेल्यावर लागते, म्हणजे जो अर्ध्यात आहे त्यानं चालत राहावं आणि जो कडेला आहे त्यानं उतरू नये. आमच्या फोटोतला टोपीवाला सिग्नल दोनच खणांचा होता. वर लाल, खाली काळा विझलेला हिरवा, त्याच्या खाली डबा संपला आणि मोकळा खांब. तिसरा खण कापला गेलाय असंही नव्हतं.

एका शहरात एखादा जुना सिग्नल वेगळा असू शकतो, म्हणून यावरच मी निकाल दिला नाही. पण वहीत पहिला प्रश्न लिहिला.

क्लिप: तीन खणांचा सिग्नल

खरी गुंतागुंत क्लिपमध्ये होती, आणि माझी पहिली चूकही.

क्लिप सुरू केली तसा समोरचा पायी जाणाऱ्यांचा सिग्नल तीन खणांचा दिसला. तीन खण म्हणल्यावर मला आधी ड्युसेलडॉर्फच आठवलं आणि मनात आलं की अरे, एजंट खरं बोलतोय. मग शेवटची फ्रेम थांबवून बघितली, तर वरच्या खणात नारिंगी डाग आणि मधल्या खणातही नारिंगी तकाकी. दोन्ही वरचे खण लाल असतील तर मग ते नॉर्वे, ऑस्लोमध्ये पायी जाणाऱ्यांना एकाखाली एक असे दोन लाल माणसं दाखवतात. मी मामाला तसं बोलूनही टाकलं, "हे नॉर्वेसारखं दिसायलंय."

ते चुकीचं होतं आणि फोटोवाल्याला तरी ते कळायला पाहिजे होतं. रात्री मोबाईलच्या कॅमेऱ्यात एलईडीचा लाल दिवा जास्त प्रकाशामुळं नारिंगी, पिवळा, कधी मधोमध पांढरा दिसतो आणि त्याचा उजेड शेजारच्या खणाच्या झडपेवर पसरतो. पावसात तर जास्तच. म्हणून रात्रीच्या चित्रात रंगावर विश्वास ठेवायचा नाही, दिवा कुठल्या खणात आहे ते बघायचं आणि तो कधी लागतो, कधी विझतो ते बघायचं. एका थांबवलेल्या फ्रेमवर तर अजिबात बोलू नये. एलईडी विजेच्या तालावर लुकलुकतो, डोळ्याला कळत नाही पण एखाद्या फ्रेममध्ये चालू दिवा बंद दिसू शकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी क्लिप कॉम्प्युटरवर घेतली आणि एक-एक फ्रेम पुढं सरकवत बसलो. सेकंदाला ३० फ्रेम, बावीस सेकंद, म्हणजे ६६० फ्रेम. सागर शेजारी वही घेऊन बसला, मी बोलायचो, तो लिहायचा.

तीन खणांचे सिग्नल माझ्या माहितीत जिथं नेहमी दिसतात ती यादी लहान आहे. ऑस्लोचे दोन लाल. ड्युसेलडॉर्फची पिवळी पट्टी. आयर्लंड, तिथं मधे पिवळा माणूस. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकसारख्या शहरात पिवळा माणूस. आणि इटली, तिथं देशभर पिवळा माणूस. क्लिपमध्ये गाड्या उजव्या बाजूनं होत्या. आधीचा सेल्फीचा अनुभव ताजा होता म्हणून क्लिप उलटी आहे का तेही बघितलं, एका दुकानाच्या काचेवर इंग्रजी आर आणि एस ही अक्षरं सरळ दिसत होती. आयर्लंडमध्ये डाव्या बाजूनं चालवतात, ते बाद.

आता मधला खण. क्लिपमध्ये सुरुवातीला खालचा हिरवा होता. चौथ्या सेकंदाला तो विझला आणि मधला लागला, एकटा. वरचा त्या वेळी काळा. साधारण सहा सेकंदांनी मधला विझून वरचा लागला. म्हणजे मधला खण वेगळ्या टप्प्याचा आहे, लालची जोडी नाही. ऑस्लो गेलं. आणि मधल्या डागाचा आकार मोठा करून बघितला, तर पंधरा-वीस फ्रेममध्ये तो रुंदीपेक्षा उंच, उभा. ड्युसेलडॉर्फची पट्टी आडवी असते, कितीही धूसर झाली तरी ती उभी दिसणार नाही. उजेड पसरतो तो सगळीकडं सारखाच पसरतो, आडव्याचं उभं करत नाही. सागरनं वहीत "उभा" लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. त्याला कळलं होतं.

राहिले झुरिक आणि इटली. इथं गाड्यांचा सिग्नल कामाला आला.

जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, इंग्लंड, पोलंड अशा देशांत लाल संपताना लाल आणि पिवळा दोन्ही एकत्र लागतात, मग हिरवा होतो. तयार राहा, असा इशारा. जर्मनीत हे साधारण एक सेकंद असतं. इटली, फ्रान्स, स्पेनमध्ये लालवरून सरळ हिरवा होतो, मधे काही नाही. आपल्याकडंही लालवरून सरळ हिरवाच होतो, आपल्या चौकात सेकंदाचे आकडे बघून लोक आधीच गिअर टाकतात ते वेगळं.

क्लिपमध्ये तेराव्या सेकंदाच्या आसपास गाड्यांचा सिग्नल बदलला, पण नेमक्या त्याच वेळी एक छत्रीवाली बाई कॅमेऱ्यासमोरून गेली. छत्रीनं सिग्नल झाकला. आधी लाल, नंतर हिरवा. मधलं दिसलंच नाही असं वाटत होतं आणि मामा म्हणला, "घ्या, नशीब बघा." पण फ्रेम मोजल्या तर छत्रीनं सिग्नल फक्त १४ फ्रेम झाकला होता, म्हणजे अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी. लाल आणि पिवळा एकत्र एक सेकंद लागला असता तर ३० फ्रेम चालला असता, छत्रीमागं १४ लपल्या तरी उरलेल्या १६ छत्रीच्या आधी किंवा नंतर दिसायलाच पाहिजे होत्या. छत्रीच्या आधीच्या शेवटच्या फ्रेममध्ये मधला खण काळा होता. नंतरच्या पहिल्या फ्रेममध्ये नुसता हिरवा. या सिग्नलवर ते एकत्र लागणं नव्हतंच.

पिवळा उभा माणूस आणि लालवरून सरळ हिरवा, या दोन्ही गोष्टी एकत्र असणारा, उजव्या बाजूनं गाड्या चालणारा माझ्या यादीतला देश एकच उरतो, इटली.

एक जास्तीची खात्री केली. इटलीत पुष्कळ ठिकाणी गाड्यांच्या सिग्नलचा लाल दिवा बाकी दोन दिव्यांपेक्षा मोठा असतो, ३०० मिलिमीटरचा, आणि पिवळा-हिरवा २०० चा. क्लिपमध्ये वरचा खण मोठा वाटत होता. पण पेटलेला दिवा पसरल्यामुळं तसाही मोठा दिसतो, म्हणून पेटलेला असताना मोजणं फसवं आहे. हिरवा लागल्यानंतरच्या, म्हणजे लाल विझलेल्या फ्रेममध्ये मागच्या दुकानाच्या उजेडावर डब्याच्या कडा स्पष्ट होत्या, तिथं रुंदी मोजली. वरचा खण २१ पिक्सेल, खालचे दोन्ही १४. बरोबर दीडपट. एवढ्या लहान मापात एखादा पिक्सेल इकडंतिकडं होतो, तरी तिन्ही खण सारखे असते तर इतका फरक आला नसता.

निर्णय

आता वहीत असं होतं: सेल्फी जर्मन बोलणाऱ्या देशातली, टोपीवाला फोटो जर्मनीचा पण ड्युसेलडॉर्फशी न जुळणारा, क्लिप इटलीची. आणि एजंटचं लेखी वाक्य की सगळं एकाच एरियाचं.

सागरचे वडील सोमवारी रात्री आले. त्यांना फ्रेम, पिक्सेल सांगण्यात अर्थ नव्हता. मी स्टुडिओच्या मोठ्या स्क्रीनवर क्लिप हळू लावली आणि म्हणलं, "दादा, तुम्ही फक्त मधला दिवा बघा." नंतर ड्युसेलडॉर्फच्या सिग्नलचा फोटो लावला. आडवी पट्टी. परत क्लिप. ते दोनदा बघितले आणि म्हणले, "हे दुसरं हाय." बस.

मग प्रश्न होता की एजंटला हे सांगायचं का. सागरला लगेच फोन करून जाब विचारायचा होता. मी आणि मामा नको म्हणलो. पन्नास हजार त्याच्याकडं अडकलेले, भांडण झालं तर फोन बंद. शिवाय चुकीचे फोटो म्हणजे फसवणूकच असं अजून सिद्ध नव्हतं, आळशी एजंट पण असतात. म्हणून ठरलं की फोटोंचा विषय बाजूला ठेवायचा आणि कागद मागायचे: कंपनीचं नाव-पत्ता असलेलं नोकरीचं पत्र, आणि परदेशात माणसं पाठवायचा त्याचा परवाना नंबर. हा परवाना परराष्ट्र मंत्रालयाकडून मिळतो आणि नंबर `emigrate.gov.in` वर टाकून तपासता येतो. नोंदणी असलेल्या एजंटलाही उमेदवाराकडून सेवाशुल्क ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, याच्यापेक्षा जास्त घेता येत नाही. साडेतीन लाखाचा हिशोब त्यात कुठंच बसत नव्हता.

काय झालं

एजंटनं पत्र पाठवलं, त्यात कंपनीचं नाव होतं पण रस्त्याचं नाव नव्हतं. परवाना नंबर पाठवला, तो साइटवर सापडला नाही. विचारल्यावर म्हणला "दुसऱ्या ऑफिसच्या नावावर आहे". शुक्रवारचा हप्ता थांबवला. त्यानंतर सागरनं सरळ विचारलं की क्लिप इटलीची कशी. त्याचं उत्तर होतं, "सॅम्पल फोटो असतात ते, सगळेच पाठवतात." त्याच्या आधीचं "सगळे ड्युसेलडॉर्फ" हे वाक्य आमच्याकडं स्क्रीनशॉटमध्ये होतंच.

पन्नास हजारातले तीस परत आले, तेही मामानं चार चकरा मारल्यावर आणि पोलिसात अर्ज लिहून त्याची झेरॉक्स त्याला दाखवल्यावर. वीस अजून बाकी आहेत. सागर सध्या लातूरला जर्मन भाषेचा क्लास करतोय, कंपन्यांना स्वतः अर्ज पाठवतोय.

क्लिप इटलीतल्या कुठल्या शहराची हे आम्हाला कळलं नाही. दोन रात्री शोधलं, मग सोडलं, कारण निर्णयासाठी त्याची गरज नव्हती.

परत करायचं झालं तर

सगळ्यात आधी मी नॉर्वे हा शब्द तोंडातून काढला नसता. एका फ्रेमवरून बोललो आणि दुसऱ्या दिवशी तो शब्द मागं घ्यावा लागला, त्यावर सागर म्हणला की "भाऊ, काल नॉर्वे म्हणलात, आज इटली, उद्या काय?" त्याचा प्रश्न रास्त होता. त्याला पटवायला मला जो अख्खा दिवस लागला तो या घाईमुळं. आधी क्लिप पूर्ण बघून दिव्यांचा क्रम लिहून काढला असता तर ऑस्लो निघालंच नसतं.

दुसरं, मूळ फाइल मागायला पाहिजे होती. सागरच्या मोबाईलमध्ये फॉरवर्ड झालेली क्लिप होती, दाबून दाबून धूसर झालेली. एजंटला "घरच्यांना टीव्हीवर दाखवायचीय, डॉक्युमेंट म्हणून पाठवा" म्हणलं असतं तर कदाचित चांगली प्रत मिळाली असती आणि दुकानाच्या काचेवरचं नाव वाचता आलं असतं. मग फ्रेम मोजायची वेळच आली नसती.

तिसरं, टोपीवाल्या फोटोनं मी जवळजवळ फसलो होतो. ओळखीचं चिन्ह दिसलं की मन तिथंच थांबतं. आता मी कुणाचा फोटो बघायला घेतला की आधी खण मोजतो, मग कुठला खण कधी पेटतो ते लिहितो, आणि खणातला माणूस कसा दिसतो ते सगळ्यात शेवटी बघतो. कारण माणसाची चित्रं कुठंही बदलतात, २०२० मध्ये आपल्या मुंबईतच दादरकडच्या सिग्नलवर फ्रॉक घातलेली बाई आली, मेलबर्नमध्ये २०१७ ला तसंच झालं होतं. चित्र बदलायला एक झाकण बदललं की झालं. खणांची संख्या आणि दिव्यांचा क्रम बदलायचा तर अख्ख्या गावची यंत्रणा बदलावी लागते.

सागरनं ती वही ठेवलीय. परवा क्लासमधल्या एका पोरीला कुणीतरी "ऑस्ट्रियाचा" म्हणून व्हिडिओ पाठवला होता, त्यानं मला न विचारता स्वतःच बघितला. ऑस्ट्रियात गाड्यांचा हिरवा दिवा पिवळा व्हायच्या आधी चार वेळा लुकलुकतो. व्हिडिओत हिरवा लुकलुकत होता. पण दोन-तीन देशांत तसं होतं, हे त्यानं तिला सांगितलं आणि बटणाचा डबा दिसेल असा दुसरा फोटो मागवायला लावला.